नानांचा शेवटचा डाव

मागील अंकाच्या शेवटीं आम्हीं वाचकांस असें कळविलें होतें कीं, या खेपेस घरांतील मुलांच्या पाठांतराविषयीं चार शब्द लिहूं. तें लिखाण अर्धें होऊन मेजावर पडलें आहे व तें पुढील अंकीं येईल. मध्यंतरीं आमच्या शेजारीं एक लहानशी गोष्ट घडली, आणि ती सांगितल्यावांचून दुसरें कांहीं लिहिण्यास हात वळेना. ज्यांस बुद्धिबळाचा नाद आहे त्यांनीं ती पट मांडून वाचावी. ज्यांस नाहीं त्यांच्यासाठीं लागेल तेवढा खुलासा ओघानें येईलच.

आमचा वाडा आतां पडावयाचा आहे. तेथें उंच इमारत उठेल, जुन्या बिर्‍हाडांस दोन-दोन खोल्या मिळतील, आणि तोंवर प्रत्येकानें कोठें तरी भाड्यानें राहावयाचें. आमच्या समोरच्या सोप्यांतील नानांस हें प्रकरण फारसें जाचलें नाहीं, कारण त्यांनीं निराळाच बेत केला होता. नानांची वडील बहीण राजापूर तालुक्यांतील एका गांवीं मूळ घरांत एकटी असते. वय ऐशींच्या पुढें, डोळ्यांस कमी दिसतें, आणि घर सोडून येण्याची गोष्ट काढली तर दोन दिवस जेवत नाहीं. तेव्हां नानांनीं ठरविलें कीं, आपणच तिकडे जावें. नाना चौर्‍याहत्तर वर्षांचे. ‘परत केव्हां येणार?’ असें त्यांस कोणीं विचारलें नाहीं, व त्यांनींही सांगितलें नाहीं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही ओट्यावर बसलों असतां नानांची नात मनू आली. पोर अकरा वर्षांची. एरवीं तिचा आवाज तिच्या अगोदर येतो. त्या दिवशीं ती जवळ येऊन उभी राहिली व म्हणाली, “मास्तरआजोबा, नानाआजोबांनीं तुम्हांला बोलावलंय. शेवटचा डाव आहे. साक्षीला कोणी तरी हवं म्हणतात.”

आम्ही उठलों. नानांच्या डावास साक्षीदार हा आमचा जुना मान आहे. मनू सहा वर्षांची असतांना नानांनीं तिला प्रथम पटावर बसविलें तेव्हांही आम्ही तेथें होतों. त्या पांच वर्षांत त्या दोघांचे किती डाव झाले असतील याची गणती नाहीं. परंतु निकाल मात्र सर्व आळीस पाठ होता. मनू एकदांही जिंकली नव्हती. तीन वेळां डाव बरोबरींत सुटला, आणि त्या तिन्ही वेळां तिनें आळींत घरोघर जाऊन सांगितलें होतें. नाना तिला चाल परत घेऊं देत नसत. मागाहून चूक दाखवीत, पण डाव सोडीत नसत. दोन वर्षांपूर्वीं तिच्या वाढदिवसास सूनबाईंनीं त्यांस भीत भीत म्हटलें होतें कीं, आजच्या दिवस तरी मुलीला जिंकूं द्यावें. नाना म्हणाले होते, “वाढदिवसाला खोटा रुपया देऊं का तिला?” त्यावर तो विषय पुन्हां निघाला नव्हता.

निघाला तो या संध्याकाळीं. आम्ही सोप्यांत शिरत असतां स्वयंपाकघराच्या दाराशीं सूनबाई हलक्या आवाजांत म्हणत होत्या, “मामंजी, उद्यां तुम्ही जाणार. पोर रात्रभर रडेल. आजचा एक डाव...” नानांनीं उत्तर दिलें नाहीं. चष्मा पुसला व ते बाहेर आले. आम्ही ऐकलें हें त्यांच्या ध्यानांत आलें असावें, कारण बसतांना त्यांनीं आमच्याकडे पाहण्याचें टाळलें.

सामानाची बांधाबांध झालेली होती. मनूच्या काळ्यापांढर्‍या घरांचा लांकडी पट तिच्या पुस्तकांबरोबर कोठें तरी खोक्यांत गेला होता. तेव्हां नानांनीं आपल्या ट्रंकेंतून जुना कापडी पट काढला. त्यांच्या वडिलांच्या वेळचा तो पट आम्हींही बर्‍याच वर्षांनीं पाहिला. लाल अलवानावर पांढर्‍या दोर्‍यानें चौसष्ट घरें शिवलेलीं. सर्व घरें एकाच रंगाचीं, मधल्या कांहीं घरांवर फुल्या. जुन्या देशी पटांवर काळें-पांढरें घर असा भेद नसेच. ज्यांस रंगीत पटाची संवय आहे त्यांना अशा पटावर उंटाची तिरपी चाल चटकन् दिसत नाहीं. डोळ्यानें घरें मोजावीं लागतात. सोंगट्या लाखेच्या रंगाच्या, एक बाजू लाल, एक हिरवी. हिरव्या हत्तीची सोंड केव्हांच तुटलेली आहे.

मनूनें पटाकडे पाहिलें व म्हणाली, “आजोबा, मग तुमच्याच पद्धतीनं खेळूं.”

नाना म्हणाले, “विसरलीस ती. क्लासांत गेल्यापासून हात बदलला तुझा.”

“नाहीं विसरले.”

येथें थोडें थांबून सांगणें अवश्य आहे. आपल्याकडील मुलें हल्लीं जें बुद्धिबळ शिकतात तें सर्व जगांत एकाच नियमांनीं खेळलें जाणारें बुद्धिबळ होय. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां तर आमच्या आळींतील निम्म्या मुलींनीं क्लासांत नांवें घातलीं. मनू त्याच्याही आधीं वर्षभर जात होती. परंतु आपल्या आज्या-पणज्यांचें बुद्धिबळ याहून थोडें निराळें होतें. चतुरंग हा खेळ मूळ आपलाच. बाणभट्टाच्या हर्षचरितांत, म्हणजे सातव्या शतकांत, त्याचा उल्लेख आहे. पुढें तो इराणांतून अरबांकडे व तेथून युरोपांत गेला, तिकडे त्याचे नियम पालटले, आणि पालटलेला खेळ परत आपल्या घरीं आला. मध्यंतरीं आपण आपल्याच रीतीनें खेळत राहिलों. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडितांचें बुद्धिबळावरील पुस्तक १८१४ सालीं मुंबईस इंग्रजींत छापलें गेलें. त्यांत आपली खेळी त्या वेळच्या साहेबलोकांच्या रीतीशीं जुळवून दिली होती. म्हणजे दोन रीतींची ही ओढाताण दोनशें वर्षांहून जुनी आहे.

देशी रीतीचे नियम गांवोगांव निरनिराळे असत, त्यामुळें खेळापूर्वीं बोली करून घ्यावी लागे. नानांनीं तीन गोष्टी बोलून घेतल्या व बाकी सर्व मनूच्या क्लासाप्रमाणें असें ठरलें. पहिली ही कीं, प्यादें प्रथम चालीसही एकच घर पुढें जाईल. दोन घरांची उडी नाहीं. दुसरी, किल्लेकोट नाहीं. त्याऐवजीं राजास एकदां, फक्त एकदां, घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी घेतां येईल, परंतु त्यास तत्पूर्वीं एकही शह बसलेला नसावा. आणि तिसरी ही कीं, प्यादें शेवटच्या रांगेंत पोंचलें म्हणजे आपल्या मर्जीप्रमाणें वजीर मागतां येणार नाहीं. ज्या घरांत तें पोंचेल त्या घराची जी मूळ सोंगटी, तीच तें होईल. हत्तीच्या घरीं पोंचल्यास हत्ती, घोड्याच्या घरीं घोडा, उंटाच्या घरीं उंट. राजा किंवा वजीर यांच्या घरीं पोंचलें तरच वजीर.

“समजलं?” नानांनीं विचारलें.

“समजलं. आणि आजोबा, आज मुद्दाम हरायचं नाहीं. शपथ घ्या.”

आम्हीं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलें. सूनबाई तेथून आंत झाल्या.

“शपथ कसली घ्यायची?” नाना म्हणाले. “खेळ, म्हणजे कळेल.”

मनूनें लाल सोंगट्या घेतल्या. पहिल्या दहा-बारा चालींतच तिच्या लक्षांत आलें कीं, क्लासांत पाठ केलेल्या सुरवाती येथें उपयोगाच्या नाहींत. प्यादीं एकेक घर सरकतात, त्यामुळें दोन्ही सैन्यें बराच वेळ एकमेकांना भिडतच नाहींत. जो तो आपापल्या अंगणांत तटबंदी करीत बसतो. घाईच्या मुलांस हें रुचत नाहीं. मनू दोनदां हात पुढें करून मागें घेती झाली. नानांनीं मात्र नवव्या चालीस आपल्या राजास उडी मारून उजव्या अंगाच्या कोपर्‍याकडे नेलें, तेथें प्यादांची भिंत उभी केली, आणि मग सावकाश एक उंट बाहेर काढून मनूच्या राजावर शह दिला.

शह साधाच होता. मध्यें प्यादें घालून तो तिनें सहज मोडला. पण नाना म्हणाले, “उडी गेली.”

मनूचें तोंड उतरलें. शहाची भीति नव्हती. मात्र एकदां शह बसला म्हणजे राजाचा उडीचा हक्क संपला, हें ती विसरली होती. आतां तिचा राजा जन्मभर मधल्या पट्टींतच अडकला. देशी खेळांत अनुभवी मनुष्य असा निरर्थक दिसणारा शह आरंभींच देऊन ठेवतो, तो याचकरितां.

मधला डाव आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत चुकाच अधिक झाल्या, व त्या दोन्ही बाजूंनीं झाल्या. मधोमध उभ्या राहिलेल्या राजास सांभाळतांना मनूनें एक प्यादें गमावलें, पुढें हत्तीच्या बदल्यांत घोडा व एक प्यादें घेऊन तोटा थोडा भरून काढला. नानांची नजर एकदां चुकली. फुली नसलेल्या एका घरावरून उंटाची तिरपी रेघ त्यांस नीट दिसली नाहीं व त्यांचा हत्ती गेला. हत्ती गेला तेव्हां त्यांनीं चष्मा काढून पुसला व पुन्हां घातला. मग वजीर वजिरावर गेले, उरलेले हत्ती कापले गेले, आणि साडेआठाच्या सुमारास पट जवळजवळ रिकामा झाला. आंतून कोणी तरी पानें घेतलीं असल्याचें सांगून गेलें. कोणीं उत्तर दिलें नाहीं.

आतां पटावर काय उरलें होतें तें नीट सांगतों, कारण सारी गोष्ट येथेंच आहे. मनूकडे तिचा राजा व एक प्यादें. नानांकडे राजा, एक घोडा व एक प्यादें. मोजून पाहिलें तर नानांची बाजू जड. परंतु मनूचें प्यादें राजाच्या पट्टींतून थेट सातव्या रांगेंत जाऊन बसलें होतें. आणखी एक घर पुढें गेलें कीं तें राजाच्या घरीं पोंचून वजीर होणार. त्याच्या अगदीं डाव्या हातास, त्याच रांगेंत, मनूचा राजा त्यास खांदा देऊन उभा. आरंभीं जो राजा मधोमध अडकला म्हणून तिचें तोंड उतरलें होतें, तोच आतां मधूनच चालत चालत प्याद्याबरोबर आला होता. उलट नानांचा राजा उडी मारून कोपर्‍याकडे गेला तो गेला. आतां तो पटाच्या उजव्या कडेस इतका दूर होता कीं, त्याची कांहीं मदत होणार नव्हती. सर्व भार एकट्या घोड्यावर. आणि तो घोडा प्याद्याच्या लगोलग मागें, मनूच्या राजाच्या तावडींत उभा. चाल नानांची.

घोड्यानें काय करावें? वजीर होण्याचें जें घर, त्याच्यावर मारा धरून बसावें, म्हणजे प्यादें पुढें आलें कीं त्यास मारतां येईल. एका चालींत तसा मारा धरण्यास दोनच जागा होत्या. डावीकडील जागेस जावें तर मनूचा राजा शेजारींच. तो घोडा खाऊन टाकील. उजवीकडील जागा उत्तम होती, परंतु तेथें नानांचें स्वतःचेंच प्यादें, डावाच्या सुरवातीपासून न हललेलें, बसून होतें. आपल्याच प्याद्यानें आपल्याच घोड्याची वाट अडवावी यासारखें दुर्दैव बुद्धिबळांत वारंवार घडतें. नानांनीं त्या प्याद्याकडे बराच वेळ पाहिलें.

नंतर त्यांनीं घोडा उचलला व शेवटच्या रांगेंत, मनूच्या प्याद्याच्या तिरपें पुढें, उजव्या अंगास ठेवला. “शह,” म्हणाले.

शह खराच होता. पण प्यादें तिरपें मारतें हें लहान मुलासही ठाऊक असतें. घोडा मनूच्या प्याद्याच्या तोंडांत ठेवलेला होता; त्यास राखणारी एकही सोंगटी नव्हती. प्याद्यानें घोडा मारावा, शह आपोआप मिटावा, आणि तें प्यादें त्याच चालींत शेवटच्या रांगेंत पोंचावें. क्लासांतील बुद्धिबळांत यापरतें सोपें कांहीं नाहीं. घोडा फुकट आणि वर वजीर.

आमच्या पोटांत एकदम कालवलें. पंचवीस वर्षें आम्ही नानांबरोबर खेळत आलों; ते असा घोडा ठेवणारे नव्हेत. आम्हांस स्वयंपाकघराच्या दारांतील ते शब्द आठवले. जातां जातां म्हातारा पाघळला, असेंच आमच्या मनांत आलें. वाईट वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागही आला. जन्मभर जें नाणें खोटें म्हणून दिलें नाहीं, तें गाडी गांठण्याच्या आदल्या रात्रीं द्यावें, आणि तें घेऊन पोरीनें आयुष्यभर मिरवावें, हें आम्हांस रुचेना. सूनबाई मात्र दारांत येऊन उभ्या होत्या व त्यांच्या चेहर्‍यावर समाधान दिसत होतें.

मनूचा हात झटकन् प्याद्यावर गेला. सोंगटीस हात लागला म्हणजे तीच चालविली पाहिजे, हा नियम दोन्ही रीतींत सारखाच आहे. तिचीं बोटें प्याद्याच्या माथ्यापासून तीळभर वर होतीं आणि तेथेंच थांबलीं.

तिनें नानांकडे पाहिलें. नाना पटाकडे पाहत होते. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही साक्षीदार, आम्हीं तोंड फिरविलें. मग ती पुढें वांकली आणि शेवटच्या रांगेंतील घरें एका टोंकापासून बोटानें, न शिवतां, मोजूं लागली. “हत्ती, घोडा, उंट, वजीर, राजा...” पुढच्या घरावर, जेथें नानांचा घोडा होता तेथें, तिचें बोट थांबलें. ओठ हलले, पण शब्द ऐकूं आला नाहीं.

आम्हीही तेव्हांच मोजलें, व आमची आम्हांलाच लाज वाटली. तें घर उंटाचें होतें. प्याद्यानें घोडा मारला असता तर तें राजाची पट्टी सोडून उंटाच्या पट्टींत गेलें असतें, आणि ठरलेल्या बोलीप्रमाणें वजीर न होतां उंट झालें असतें. एकटा राजा व एक उंट यांनीं जगांतील कोणत्याही राजावर मात होत नाहीं. उंटास पटाचीं निम्मींच घरें शिवतां येतात, उरलेल्या निम्म्यांत समोरचा राजा खुशाल फिरतो. म्हणजे घोडा मारतांच डाव बरोबरींत. पांच वर्षांतील चौथी बरोबरी. बुडत्या डावांत एवढीच एक वाट होती, व ती नानांनीं शोधून काढली होती. त्यांनीं मनूस कांहीं दिलेलें नव्हतें. ते तिच्या हातून अर्धा डाव काढून घेऊं पाहत होते, आणि तोही तिच्या क्लासाच्या संवयीच्या जोरावर.

परंतु एवढें दिसल्यानें मनूचें काम संपलें नव्हतें. शह होताच, राजा हलविणें भाग होतें, आणि कोठें हलवावा हें सोपें नव्हतें. साधारण मनुष्य राजास शेवटच्या रांगेंत, प्याद्याच्या पुढील घराशेजारीं नेईल. जवळ राहावें हा स्वाभाविक विचार. तसें केलें असतें तर घोडा परत आपल्या जुन्या जागीं येऊन पुन्हां शह देता, आणि तें चक्र चालूच राहतें. मनूस तो अनुभव दोनच चालींपूर्वीं आला होता. तिचा राजा त्याच घरांत असतांना घोड्यानें त्याच जागेवरून शह दिला होता. डावीकडच्या लगतच्या घरांतही तोच शह बसत होता. तिनें हाताची मूठ हनुवटीखालीं धरली व बराच वेळ घोड्याच्या उड्या मोजल्या. त्या घरापासून घोड्यास चारच उड्या होत्या. चारींपैकीं एकीनेंही शह बसणार नाहीं, व एकीवरूनही वजिराच्या घरावर मारा धरतां येणार नाहीं, असें घर तिला हवें होतें.

घड्याळांत नऊ वाजून गेले. शेवटीं तिनें राजा उचलला आणि एक घर सरळ मागें, आपल्याकडे, घेतला.

नाना हलले. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखींत एवढें आम्हांस कळतें कीं, नाना खुर्चींत हलले म्हणजे समोरच्याची चाल त्यांस लागली. त्यांनीं घोडा पुढें घेऊन प्याद्यावर मारा धरला. मनूनें प्यादें एक घर पुढें सारलें. राजाचें घर. तिनें तुटक्या सोंडेच्या हत्तीच्या शेजारून लाल वजीर उचलला व प्याद्याच्या जागीं ठेवला. योगायोगानें नव्या वजिराच्या तिरप्या रेघेंत घोडा व त्याच्यामागें नानांचा राजा, असे दोघे एका ओळींत आले. घोडा हलवावा तर राजा उघडा पडतो. म्हणून तो खिळल्यासारखा तेथेंच राहिला. पुढें दहा-पंधरा चाली खेळतां आल्या असत्या, पण त्यांत अर्थ नव्हता.

नानांनीं आपला हिरवा राजा हलकेंच आडवा केला.

आम्हांस वाटलें होतें, पोर टाळ्या वाजवील, आळीभर सांगत सुटेल. ती बसून राहिली. मग म्हणाली, “आजोबा, तो घोडा तुम्ही दिला होतात?”

नानांनीं घोडा परत त्या घरांत ठेवला, वजीर उचलून प्यादें जागेवर आणलें, राजे मांडले. “घेतला असतास तर काय झालं असतं?”

“उंट.”

“मग?”

“मग बरोबरी.”

“मग मीं दिला कुठं? मागत होतों. तूं दिला नाहींस.”

मनू हंसली व हंसतां हंसतांच तिच्या डोळ्यांतून पाणी आलें. नानांनीं सोंगट्या गोळा करण्यास घेतल्या. पटावर फारशा नव्हत्याच. सूनबाई दारांतून पुढें आल्या. त्यांस डावांतील कांहीं कळलें नव्हतें, त्यांनीं विचारलें, “जिंकली ना मनू?”

नाना म्हणाले, “जिंकली. मास्तर साक्षीला आहेत.”

आम्हीं मान डोलविली. आम्ही काय समजलों होतों तें आम्हीं त्या रात्रीं कोणास सांगितलें नाहीं; येथें प्रथमच सांगत आहों, व नाना हें मासिक वाचतात.

जेवणें उशिरां झालीं. पट कोणाकडे राहावा यावर थोडी बोलाचाली झाली. नाना म्हणत होते मनूनें ठेवावा. मनू म्हणाली, तिचा लांकडी पट आहे, आणि तिकडे आत्याआजींकडे पट कोठला असणार? सोंगट्यांची पिशवी व पट पुन्हां ट्रंकेंत गेला. पहांटेच्या गाडीसाठीं चार वाजतां रिक्षा आली. मनूस उठवूं नये असें नाना म्हणाले, पण ती जागीच होती व जिन्याखालीं आमच्या आधीं उभी होती.

काल ती आमच्याकडे एक कार्ड घेऊन आली. नानांचें अक्षर आतां थोडें कांपतें. वर खुशाली, आत्यांच्या डोळ्यांविषयीं दोन ओळी, पावसानें मागच्या पडवीचीं कौलें हललीं तें, आणि खालीं निराळ्या ओळींत: ‘हरलेल्यानें आरंभ करावा. राजापुढील प्यादें, एक घर.’

आम्हीं तिला विचारलें, उत्तर काय पाठविलेंस? तिनें सांगितलें कीं, अजून पाठविलें नाहीं. लांकडी पट खोक्यांतून काढून मांडला आहे, आणि विचार चालू आहे.